एक हजार नव्वदचे बाराशे चव्वेचाळीस कसे झाले: ॲप-टॅक्सीच्या बिलाचा उलगडा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी काम करतो. कर्मचाऱ्यांच्या प्रवासखर्चाची बिले तपासणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. पूर्वी या बिलांबरोबर एसटीची तिकिटे आणि रिक्षाच्या हाताने लिहिलेल्या पावत्या येत असत. आता बहुतेक वेळा मोबाइलवरचा स्क्रीनशॉट येतो. त्यात आठ-दहा ओळी असतात, शेवटी एक मोठा आकडा असतो, आणि तो आकडा कसा आला हे बिल सादर करणाऱ्यालाच सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याने असाच एक स्क्रीनशॉट आणून दिला. "साहेब, बुक करताना एक हजार नव्वद दाखवत होतं आणि उतरल्यावर बाराशे चव्वेचाळीस झाले. वरचे दीडशे कशाचे, ते तुम्हीच बघा की," असे तो म्हणाला. ते बिल मी ओळीओळीने सोडवले. त्यात भाड्याच्या जवळजवळ सगळ्या भानगडी एकत्र आल्या होत्या, म्हणून तोच हिशेब येथे मांडतो. दर आणि वेळा मी थोड्या बदलून सोप्या केल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र जशी होती तशीच आहे.

प्रवास असा होता. सहकाऱ्याने राजारामपुरीतील आपल्या घरून पेठ नाक्यापर्यंत गाडी बोलावली. पाऊस कोसळत होता आणि संध्याकाळचे पाच वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. गाडीत बसल्यावर त्याला कारखान्यातून फोन आला की, शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीतून एक नमुना कास्टिंगही बरोबर घेऊन जा. म्हणून त्याने वाटेत एक थांबा वाढवला. पुढे महामार्गाने किणी टोलनाका ओलांडून गाडी पेठ नाक्यावर पोहोचली. स्क्रीनशॉटमध्ये जे दिसत होते ते असे:

```
Base Fare               50.00
Distance (48.0 km)     672.00
Time (75 min)           75.00
Surge                  239.10
Wait Time               34.00
Toll                   120.00
Taxes                   53.51
Rounding                 0.39
Total                 1244.00
```

या ओळी वरून खाली बेरीज करून तपासल्या, तर बेरीज बरोबर येते. पण बेरीज जुळली म्हणजे भाडे बरोबर लावले असे होत नाही, कारण या सगळ्या ओळी एकाच जातीच्या नाहीत. पहिल्या तीन ओळी प्रवासातून जन्मतात. चौथी ओळ त्या तिघींच्या बेरजेला गुणून येते. पाचवी ओळ गाडी उभी राहिल्याची असते. सहावी ओळ ॲपची नसून रस्त्याची असते, आणि सातवी सरकारची असते. कोणती ओळ कोणत्या ओळीवर उभी आहे हे कळले की चूक कुठे लपली असेल तेही कळते.

आधी पहिल्या तीन ओळी पाहू. त्या दिवशी या गाडीचा दर असा होता: सुरुवातीचे ५० रुपये, प्रत्येक किलोमीटरला १४ रुपये आणि प्रवासातील प्रत्येक मिनिटाला १ रुपया. बुक करताना ॲपने घर ते पेठ नाका हे अंतर ४५ किलोमीटर आणि वेळ ६० मिनिटे धरली होती. म्हणजे ५० अधिक ६३० अधिक ६०, एकूण ७४० रुपये. प्रत्यक्षात शिरोलीला आत वळून परत महामार्गावर येण्यात तीन किलोमीटर वाढले आणि पावसामुळे गाडी रेंगाळली, म्हणून हीच बेरीज ५० अधिक ६७२ अधिक ७५, म्हणजे ७९७ रुपये झाली.

बुक करताना दाखवलेली रक्कम ही ठरलेली किंमत असते, असे बहुतेकांना वाटते. ती ठरलेली असते खरी, पण एका अटीवर: निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि मधले थांबे बदलता कामा नयेत. नेहमीच्या वाहतुकीमुळे दहा मिनिटे जास्त लागली तर ॲप सहसा आधीचीच रक्कम घेते. पण प्रवाशाने स्वतः थांबा वाढवला की तो सौदा मोडतो, आणि भाडे प्रत्यक्ष चाललेल्या किलोमीटरवर आणि मिनिटांवर नव्याने मोजले जाते. आमच्या सहकाऱ्याने शिरोलीचा थांबा वाढवला त्या क्षणी एक हजार नव्वद हा आकडा निकालात निघाला होता. थांबा वाढवताना ॲपने बदललेल्या भाड्याची सूचना दाखवली होती, हे त्याने नंतर मान्य केले. फोन कानाला लावलेला असताना ती सूचना कोण वाचतो म्हणा!

आता चौथी ओळ पाहू. तीच सगळ्यांना खटकते. एखाद्या भागात गाड्या कमी आणि बोलावणारे जास्त झाले की ॲप त्या भागापुरता एक गुणक लावते. त्यालाच सर्ज म्हणतात. पाऊस, कारखाना सुटण्याची वेळ, मुंबईहून आलेली रेल्वे फलाटावर लागण्याची वेळ, अशा प्रसंगी तो वाढतो आणि गर्दी ओसरली की उतरतो. पण आपल्या प्रवासाला लागणारा गुणक बुक करण्याच्या क्षणी ठरतो. त्या दिवशी साडेसहाच्या सुमारास राजारामपुरीतूनच गाडी केलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याला साधे भाडे लागले. पाच एकेचाळीसला बुक केलेल्या प्रवासाला त्याचा काही उपयोग नव्हता. एवढेच नव्हे, शिरोलीमुळे वाढलेल्या तीन किलोमीटरनाही तोच गुणक लागला, जरी शिरोलीत तेव्हा गाड्यांची टंचाई नसली तरी.

स्क्रीनशॉटवर गुणक लिहिलेला नसतो, फक्त रुपये असतात. म्हणून तो स्वतः काढावा लागतो. सर्जचे २३९.१० रुपये पहिल्या तीन ओळींच्या बेरजेने, म्हणजे ७९७ ने भागले की बरोबर ०.३० येते. याचा अर्थ गुणक १.३ होता, म्हणजे मूळ भाड्यावर तीस टक्के वाढ. भागाकार असा स्वच्छ आला, हीच मोठी खूण आहे. ॲप गुणक सहसा दशांशाच्या एका स्थळापर्यंत ठेवते: १.२, १.३, १.५ असे. समजा मी थांबण्याचे ३४ रुपयेही त्या बेरजेत धरले असते, तर २३९.१० भागिले ८३१ म्हणजे ०.२८७७ असा वेडावाकडा आकडा आला असता. त्यावरून दोन गोष्टी नक्की होतात: थांबण्याच्या पैशांवर सर्ज लावलेला नाही आणि टोलवरही लावलेला नाही. तसे व्हायलाही नको, कारण गर्दीमुळे टोल महाग होत नाही. भागाकार स्वच्छ आला नाही, तर सर्ज नको त्या ओळीवर चढला आहे की त्यात आणखी काही मिसळले आहे, हे शोधायला घ्यावे.

सर्जला कायद्याची मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती मूळ भाड्याच्या दीडपट होती. जुलै २०२५ च्या सुधारित सूचनांनी ती मूळ भाड्याच्या दुप्पट केली, तर महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने दीडपटच ठेवली. यातील मेख अशी की, ही पट शासनाने ठरवलेल्या मूळ दरावर मोजायची असते, ॲपने स्वतः ठरवलेल्या दरावर नव्हे. म्हणून १.३ हा गुणक पाहून सगळे नियमात आहे असे म्हणता येत नाही. मूळचा किलोमीटरचा दर काय आहे तेही पाहावे लागते. आणखी एक अडचण अशी की, हल्ली अनेक ॲप सर्जची वेगळी ओळ दाखवतच नाहीत; ती वाढ आधीच दाखवलेल्या रकमेत मुरवलेली असते. तशा बिलात हा भागाकार करता येत नाही. मग त्याच मार्गाचे शांत वेळेतील भाडे पाहून अंदाज बांधणे एवढेच हातात राहते.

पाचव्या ओळीत, म्हणजे थांबण्याच्या ३४ रुपयांत, दोन वेगळ्या थांब्यांचे पैसे आहेत आणि स्क्रीनशॉट ते एकत्र दाखवतो. पहिला थांबा घरासमोरचा. चालकाने "पोहोचलो" हे बटण ५ वाजून ४९ मिनिटांनी दाबले आणि प्रवास सुरू झाला ५ वाजून ५८ मिनिटांनी. ही नऊ मिनिटे झाली. पहिली तीन मोफत, उरलेल्या सहांना दोन रुपयांप्रमाणे १२ रुपये. दुसरा थांबा शिरोलीच्या फाउंड्रीसमोरचा, चौदा मिनिटांचा. त्यातही तीन मोफत आणि अकराचे २२ रुपये. मोफत मिनिटे किती आणि दर काय हे गाडीच्या प्रकारानुसार व शहरानुसार बदलते. बुक करताना भाड्याच्या आकड्यावर बोट ठेवले की ते उघडून पाहता येते.

सहा मिनिटांचे पैसे लागलेच का, यावर सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की तो दारातच उभा होता. यात तथ्य होते. राजारामपुरीच्या गल्ल्या एकमेकींना समांतर आणि जवळजवळ आहेत, आणि नकाशावरची खूण एक गल्ली अलीकडे पडली होती. चालक त्या खुणेपाशी जाऊन उभा राहिला. ॲपच्या लेखी तो पोहोचला, घड्याळ सुरू झाले, आणि हा शेजारच्या गल्लीत छत्री धरून उभा. गाडी खुणेच्या आसपास ठरावीक अंतरात आली की चालकाला ते बटण दाबता येते. प्रवासी खरोखर कुठे उभा आहे हे ॲप पाहत नाही. अशा वादात उपयोगी पडते ती फोन आणि संदेशांच्या वेळांची नोंद. सहकाऱ्याने ५ वाजून ५१ मिनिटांनी चालकाला फोन केल्याची नोंद होती, पण खूण त्याने स्वतःच चुकीची ठेवली होती. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

दुसऱ्या थांब्याबाबत मात्र एक गोष्ट तपासायलाच हवी, आणि ती फार थोडे लोक तपासतात. गाडी फाउंड्रीसमोर उभी असलेली चौदा मिनिटे एकदा थांबण्यात मोजली आणि पुन्हा प्रवासाच्या वेळेतही मोजली, तर तीच मिनिटे दोनदा विकली जातात. वर त्यांना सर्जही लागतो, कारण प्रवासाची वेळ गुणकाच्या आत असते. हे ओळखायला पावतीवरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळा पुरतात. प्रवास ५ वाजून ५८ मिनिटांनी सुरू झाला आणि ७ वाजून २७ मिनिटांनी संपला, म्हणजे एकोणनव्वद मिनिटे. त्यातून थांब्याची चौदा वजा केली की पंच्याहत्तर उरतात, आणि बिलात वेळेच्या ओळीत पंच्याहत्तरच लिहिली आहेत. म्हणजे दुबार मोजणी झालेली नाही. तेथे ८९ लिहिले असते तर चौदा रुपये, त्यांवरचा सर्ज ४.२० आणि त्या सगळ्यांवरचा कर, असे एकोणीस रुपयांपेक्षा जास्त नाहक गेले असते.

आता टोल. कोल्हापूरकरांना या शब्दाची निराळी ओळख करून द्यायला नको. शहराच्या वेशीवर बसवलेल्या टोलनाक्यांविरुद्ध या गावाने जे आंदोलन केले आणि ते नाके रद्द करवले, ते आजही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. त्यामुळे शहरातल्या शहरात झालेल्या प्रवासाच्या बिलावर टोलची ओळ दिसली, तर ती चूकच समजावी. पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर मात्र किणीचा नाका आहे आणि पेठ नाक्याला जाताना तो टाळता येत नाही.

ॲपच्या नकाशात टोलनाक्यांची ठिकाणे नोंदलेली असतात. गाडी त्या ठिकाणावरून गेली की ठरलेली रक्कम बिलात आपोआप चढते; चालकाच्या फास्टॅगमधून खरोखर किती कापले गेले याच्याशी तिचा थेट संबंध असेलच असे नाही. येथेच घोळ होतो. महामार्गावरील टोलचे दर साधारणपणे दरवर्षी १ एप्रिलला बदलतात आणि ॲपमधील आकडा कधी जुनाच राहतो. फास्टॅगमध्ये पैसे नसले तर जादा आकारणी होते. तो चालकाचा निष्काळजीपणा असतो, प्रवाशाने तो भरायचा नसतो. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. जो वार्षिक फास्टॅग पास ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत सुरू झाला, तो खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीला तो मिळत नाही. म्हणून "तुमचा पास असेलच, मग टोल कशाला" असे चालकाला म्हणणे योग्य नव्हे.

आमच्या बिलात टोल १२० रुपये होता. या हिशेबात एका बाजूचा टोल आपण ८० रुपये धरला आहे. ८० च्या दीडपट १२० होतात, आणि दीडपट हा आकडा ओळखीचा आहे. चोवीस तासांच्या आत परत येणाऱ्या वाहनाला जाऊन-येऊन मिळून एका बाजूच्या दीडपट टोल लागतो. म्हणजे बिलात परतीचा टोलही धरला होता. गाडी रिकामी परत येणार म्हणून शहराबाहेरच्या काही प्रवासांत तसे धरले जाते आणि त्यात गैर काही नाही, पण ते बुक करताना सांगितलेले असले पाहिजे. सहकाऱ्याने बुक करताना काढलेला स्क्रीनशॉट सुदैवाने फोनमध्ये होता. त्यात टोल ८० रुपयेच लिहिला होता. शिवाय फास्टॅगमधून परतीचे ४० रुपये परतीच्या वेळी कापले जातात. प्रवास संपला ७ वाजून २७ मिनिटांनी आणि बिलही त्याच मिनिटाला तयार झाले. त्या वेळी चालकाची गाडी पेठ नाक्यावरच उभी होती. म्हणजे ते ४० रुपये तोपर्यंत कोणीच भरलेले नव्हते. संपूर्ण बिलात खरी हरकत घेण्यासारखी जागा हीच एक निघाली.

कराची ओळ छोटी आहे, पण ती इतर ओळींची साक्ष देते. ॲपमार्फत केलेल्या टॅक्सी प्रवासावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि त्या कायद्याच्या कलम ९(५) नुसार तो चालकाने नव्हे, तर ॲप चालवणाऱ्या कंपनीने भरायचा असतो. आमच्या बिलातील कर ५३.५१ रुपये आहे. त्याला वीसने गुणले की साधारण १,०७० येतात. पहिल्या तीन ओळी, सर्ज आणि थांबण्याचे पैसे यांची बेरीजही १,०७०.१० आहे. म्हणजे कर टोलवर लावलेला नाही, तो वेगळाच ठेवला आहे. टोलही करात धरला असता तर कर ५९.५१ झाला असता. बिल तपासताना मी सगळ्यात आधी कराला वीसने गुणतो. जो आकडा येतो त्यावरून ॲपने कशाकशाला भाडे मानले आहे ते एका झटक्यात कळते.

आता मूळ प्रश्न. बुक करताना दाखवलेली रक्कम अशी बनली होती: ७४० रुपये, त्यावर सर्जचे २२२, या दोन्हींवरचा कर ४८.१० आणि टोल ८०, म्हणजे १,०९०.१०. शेवटची रक्कम पूर्ण रुपयांत आणण्याआधी १,२४३.६१ होती. फरक १५३.५१ रुपयांचा. त्यांपैकी वाढलेल्या तीन किलोमीटरचे सर्जसह ५४.६० आणि वाढलेल्या पंधरा मिनिटांचे सर्जसह १९.५० झाले. थांबण्याचे ३४, या तिन्हींवरच्या कराचे ५.४१ आणि परतीच्या टोलचे ४०. यांची बेरीज केली की १५३.५१ पैशापर्यंत जुळते. सहकाऱ्याला वाटत होते की सगळी वाढ पावसातल्या सर्जने झाली. पण सर्ज तर एक हजार नव्वदमध्ये आधीच बसलेला होता. या फरकात त्याचा वाटा अवघा १७.१० रुपयांचा आहे.

सहकाऱ्याने ॲपच्या मदत विभागात त्या प्रवासावर जाऊन फक्त टोलची तक्रार नोंदवली आणि बुक करतानाचा स्क्रीनशॉट जोडला. "भाडे जास्त लागले" असे मोघम लिहिले असते तर बहुधा ठरावीक छापील उत्तर आले असते, म्हणून मी त्याला दोनच वाक्ये लिहायला सांगितली: बुक करताना टोल ८० होता, बिलात १२० आहे. दोन दिवसांनी ४० रुपये परत आले आणि दुरुस्त पावती १,२०४ रुपयांची मिळाली.

तीच पावती मी मंजुरीसाठी घेतली. शिरोलीचा थांबा कारखान्याच्या कामाचा होता, त्यामुळे त्याचे पैसे कारखान्याने दिले. घरासमोरचे सहा मिनिटांचे १२ रुपये आणि त्यांवरचा साठ पैसे कर मात्र मी बिलातून वजा केला. "साहेब, एवढं पण बघता व्हय?" असे म्हणत त्याने सही केली.